पहिला खर्रा मित्रांसमोरच का?

विदर्भातल्या एखाद्या गावात शाळा सुटल्यावर नववीतली चार-पाच मुलं पानठेल्यापाशी थांबतात. ठेलेवाला प्लास्टिकच्या कागदावर सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना घेऊन तळहाताने घोटतो. पुडी हातोहात फिरत पाचव्या मुलापर्यंत येते. त्याला कुणी जबरदस्ती करत नाही. सगळे फक्त त्याच्याकडे बघतात. तो थोडा खर्रा उचलून गालात धरतो. हाच मुलगा एकटा असता, तर ठेल्याकडे वळलाही नसता.

या बघण्याचा परिणाम संशोधकांनी मोजला आहे. अमेरिकेत मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी संगणकावर गाडी चालवण्याचा एक खेळ घेतला. पिवळा दिवा लागल्यावर थांबायचं की थोडं आणखी पुढे जाऊन जास्त गुण मिळवायचे, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. उशीर झाला तर गाडी भिंतीवर आदळणार. 2005 साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मित्र सोबत असताना 13 ते 16 वर्षांच्या मुलांनी एकट्याने खेळताना घेतला त्याहून खूप जास्त धोका पत्करला. चोविशी ओलांडलेल्यांच्या खेळात मात्र फारसा फरक पडला नाही. पुढे 2011 साली असाच खेळ मेंदूचं स्कॅनिंग चालू असताना खेळवला गेला. शेजारच्या खोलीतून मित्र बघताहेत, एवढं माहीत असलं तरी किशोरवयीनांच्या मेंदूतला बक्षिसाचा आनंद टिपणारा भाग अधिक चेतत होता. स्वतःला आवर घालणारा भाग या वयात अजून घडत असतो. म्हणून ‘तंबाखूने कर्करोग होतो’ हे परीक्षेत अचूक लिहिणारा मुलगाही ठेल्यापाशी वेगळा वागतो. त्याला माहिती असते. त्या क्षणी मित्रांची मान्यता तिच्यावर मात करते.

त्यात एका गैरसमजाची भर पडते: ‘सगळेच खातात.’ 2019 साली भारतभर 13 ते 15 वर्षांच्या शाळकरी मुलांची पाहणी झाली. तेव्हा कोणत्याही रूपात तंबाखू घेणारी मुलं 8.5 टक्के निघाली, म्हणजे शंभरातली नऊसुद्धा नाहीत. पण ती नऊ ठेल्यावर दिसतात आणि घरी गेलेली एक्क्याण्णव कुणाच्या नजरेस पडत नाहीत.

‘एकदा खाऊन काय होतं?’ हा प्रश्न मुलं मनापासून विचारतात. एका खर्ऱ्याने कर्करोग होत नाही, हे त्यांना खरंच सांगावं. पण कोवळ्या वयात निकोटिनची तलफ लवकर जडते. काही मुलांना ती रोजची सवय लागण्याआधीच जाणवू लागते. दुसरा धोका सुपारीचा. तंबाखू नसली, तरी नुसत्या सुपारीनेही गालाच्या आतला मऊ पडदा हळूहळू ताठर होतो. आधी तिखट खाताना तोंडाची आग होते, गाल आतून पांढरट पडतात, मग तोंड कमी उघडू लागतं. आपली तीन बोटं एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये जात नसतील, तर दंतवैद्याकडे जायला उशीर करू नये. सुपारी सोडल्यावर हा आजार सहसा पुढे वाढायचा थांबतो, पण आलेला ताठरपणा पूर्णपणे जात नाही. पुढे तिथे कर्करोग होण्याची भीतीही राहते.

मग उपाय काय? ठेल्यापाशी उभं राहून विचार करायला सवड नसते, म्हणून उत्तर आधीच ठरलेलं हवं. ‘नको, मी खात नाही,’ एवढं म्हणून चालू लागायचं. कारण सांगत बसलं की वाद सुरू होतो. सोबत नाही म्हणणारा एक जरी मित्र असला, तरी काम निम्म्याने सोपं होतं. पालकांनी ‘ती संगत सोड’ असं फर्मान काढण्यापेक्षा शाळा सुटल्यानंतरचा तास मैदानावर किंवा क्लासला कसा जाईल ते बघावं. मोह टाळायचा तर प्रसंगच टाळणं जास्त जमतं. कायदाही पाठीशी आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणं आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत ती विकणं, दोन्ही गुन्हे आहेत. सवय जडलीच असेल, तर 1800-11-2356 या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

मित्रांचा हाच प्रभाव उलट दिशेनेही वापरता येतो. इंग्लंड आणि वेल्समधल्या 59 शाळांमध्ये एक प्रयोग झाला. त्यातल्या निम्म्या शाळांत 12-13 वर्षांच्या मुलांनाच विचारलं गेलं, ‘तुम्ही कुणाला मानता?’ ज्यांची नावं पुढे आली, त्यांना दोन दिवसांचं प्रशिक्षण देण्यात आलं. मग दहा आठवडे त्यांनी मधल्या सुट्टीत, बसमध्ये, गप्पांच्या ओघात सिगारेटचा विषय काढला. 2008 साली निष्कर्ष आले: या शाळांत धूम्रपान कमी राहिलं. फरक मोठा नव्हता आणि काळासोबत तो ओसरत गेला. तरी आपल्या शाळांना त्यातून घेण्यासारखं आहे. तंबाखूविरोधी समितीत शिक्षकांच्या पसंतीचे हुशार विद्यार्थी नेमण्याऐवजी वर्ग ज्यांचं ऐकतो अशी मुलं घ्यावीत, मागच्या बाकावरची असली तरीही.