घड्याळातला ‘झोन’ चुकतोय? पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांनी आधी हा आकडा तपासा

बारामती/इंदापूर : पोलीस भरतीच्या १६०० मीटर धावण्याची तयारी करणारी अनेक पोरं आता हातात स्पोर्ट्स वॉच बांधून पळतात. घड्याळ हृदयाचे ठोके मोजतं आणि हलकं, मध्यम, जोराचं असे पाच झोन दाखवतं. पण हे झोन बहुतेक वेळा एका अंदाजावर उभे असतात.

घड्याळात वय टाकलं की ते २२० मधून वय वजा करतं आणि येणारा आकडा कमाल ठोके म्हणून धरतं. हे सूत्र १९७१ पासून चालत आलंय. ते सरासरीपुरतं ठीक आहे, पण एकाच वयाच्या दोघांत १०-१२ ठोक्यांचा फरक सहज असतो. कोणाचे जास्त, कोणाचे कमी. कमी ठोके म्हणजे दम कमी असं मात्र नाही.

समजा, मुलगा २२ वर्षांचा आहे. घड्याळ कमाल १९८ धरतं आणि हलक्या पळण्याचा दुसरा झोन, म्हणजे ६० ते ७० टक्के, ११९ ते १३९ दाखवतं. त्याचे खरे कमाल ठोके १८६ असतील, तर हाच झोन ११२ ते १३० येतो. तो १३८ वर ‘हलकं’ पळतोय असं समजतो, पण प्रत्यक्षात ७४ टक्क्यांवर, तिसऱ्या झोनमध्ये असतो. रोज असंच झालं की पाय भरून येतात आणि जोराच्या सरावाच्या दिवशी अंगात जोर राहत नाही.

खरा आकडा काढायला १६०० मीटरची ट्रायलच कामाला येते. नीट विश्रांती झालेल्या दिवशी, सकाळच्या गारव्यात १५ मिनिटं वॉर्म-अप करा. मग १६०० मीटर जोरात पळा आणि शेवटचे ३००-४०० मीटर पूर्ण ताकदीने मारा. शेवटी काही सेकंद टिकलेला सर्वांत मोठा आकडा घ्या. आठवडाभराने पुन्हा पळा आणि दोन्हींतला मोठा आकडा सेटिंगमधल्या Max HR मध्ये भरा. त्यानंतर झोन टक्केवारीवर ठेवलेत का, तेही बघा.

मनगटावरचं घड्याळ कधी कधी ठोक्यांऐवजी पावलंच मोजतं. पळायला लागताच आकडा एकदम १७०-१८० वर जाऊन तिथंच अडकला, तर शंका घ्या. थांबून मानेवरची नाडी १५ सेकंद मोजा आणि चारने गुणा. थांबल्यावर ठोके लगेच उतरू लागतात, म्हणून थोडा फरक चालेल, पण फरक मोठा असेल तर तो आकडा सोडून द्या. घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट बांधा. छातीचा पट्टा मिळाला तर उत्तमच.

चाळिशीपुढचे, बीपी-शुगरवाले किंवा पळताना छातीत दुखणारे, चक्कर येणारे यांनी ही ट्रायल डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. बीपीच्या काही गोळ्यांनी ठोके मुळातच कमी राहतात, तिथं वयाचं सूत्र लागूच पडत नाही.