वर्गमुळातून बाहेर येताना x चं चिन्ह

कुपवाडला माझ्याकडे अकरावी सायन्सची मुलं शिकवणीला येतात. लिमिटचं प्रकरण सुरू झालं की दरवर्षी एक गणित फळ्यावर येतं आणि निम्म्या वह्यांत त्याचं उत्तर चुकतं. x मायनस इन्फिनिटीकडे जात असताना √(x² + 6x) + x कशाच्या जवळ जातं, हे ते गणित. यंदा एका मुलीच्या वहीत सगळ्या पायऱ्या नीट होत्या, आकडेमोडीत चूक नव्हती, तरी उत्तर मायनस इन्फिनिटी आलं होतं. खरं उत्तर वजा ३ आहे. एवढा फरक एका ओळीत पडला होता.

ती एक ओळ

नुसतं बघून इथं काही कळत नाही. मूळ धन बाजूला वाढत जातं, x ऋण बाजूला वाढत जातो, आणि त्या ओढाताणीत काय उरतं ते आधी सांगता येत नाही. म्हणून √(x² + 6x) − x या अनुबद्ध पदानं गुणायचं आणि भागायचं. वर x² जाऊन 6x उरतं:

6x / (√(x² + 6x) − x)

आता मुळातून x² बाहेर काढायचा. मुलीनं लिहिलं होतं √(x² + 6x) = x√(1 + 6/x). मग वरखाली x कापून छेदात √(1 + 6/x) − 1 उरलं. 6/x शून्याकडे जातो, पण ऋण बाजूनं, त्यामुळे मूळ १ पेक्षा किंचित कमी राहतं. छेद ऋण आणि इवलासा होतो, म्हणून उत्तर मायनस इन्फिनिटी. तिला विचारलं, "x बाहेर का आला?" तर म्हणाली, "सर, मूळ एक्स वर्ग म्हणजे एक्सच की!"

वजा ५ घालून बघा

तिला x = −5 घ्यायला लावलं. वर्ग २५, त्याचं मूळ ५. पण x तर वजा ५ आहे. म्हणजे मुळातून x बाहेर आला नाही, −x आला. मुलं इथं अडखळतात, कारण −x दिसलं की त्यांना ते ऋण वाटतं. पण x स्वतःच ऋण असेल तर −x धन असतो. पुढचं वजाचं चिन्ह इथं आतल्या वजाला खोडायचं काम करतं.

मग पंचवीसचं दुसरं मूळ कुठं गेलं? भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'बीजगणिता'त सांगून ठेवलंय की धन संख्येला धन आणि ऋण अशी दोन्ही मुळं असतात. ते बरोबरच आहे. x² = 25 या समीकरणाची उकल दोन्ही देतात. √ हे चिन्ह मात्र त्यांतलं एकच मूळ उचलतं, ऋण नसलेलं. असं ठरवलं नसतं तर √(x² + 6x) ला प्रत्येक x साठी दोन किमती आल्या असत्या आणि लिमिट कुणाचं काढायचं हाच प्रश्न पडला असता. म्हणून √(x²) = |x|, म्हणजे x चं केवलमूल्य. मायनस इन्फिनिटीकडे जाताना x ऋणच असतो, तेव्हा |x| = −x.

दुरुस्त केलेलं गणित

√(x² + 6x) = −x√(1 + 6/x)

हे छेदात ठेवलं की −x√(1 + 6/x) − x मिळतं. x कापल्यावर:

6 / (−√(1 + 6/x) − 1)

छेद वजा २ कडे जातो, उत्तर वजा ३.

पटत नसेल तर कॅल्क्युलेटर घ्या. x = −1000 ठेवलं की मुळाखाली ९९४००० येतात, मूळ सुमारे ९९६.९९५. त्यातून १००० गेले की वजा ३.००५. चुकीच्या वाटेनं हाच x घालून बघितला तर सुमारे वजा १९९७ येतात, आणि हा आकडा नीट बघण्यासारखा आहे: वजा ९९६.९९५ आणि वजा १००० यांची ती बेरीज. म्हणजे मुलीनं सोडवलेलं गणित खोटं नव्हतं, दुसरंच होतं. मुळाचं चिन्ह नकळत उलटून ती −√(x² + 6x) + x चं लिमिट काढत होती.

धोका टाळायचा तर

मी मुलांना पहिल्याच ओळीत x = −t घ्यायला सांगतो. मग t प्लस इन्फिनिटीकडे जातो, पदावली √(t² − 6t) − t होते, आणि √(t²) = t लिहिताना बिचकायचं कारण राहत नाही. एक ओळ जास्त लागते, पण परीक्षेच्या घाईत तीच वाचवते.

हीच चूक छेदात x असला की लपून येते. √(4x² + 3)/x मध्ये छेदातला x मुलं सरळ मुळात नेतात आणि √(4 + 3/x²) लिहून २ उत्तर देतात. पण x ऋण असताना मूळ भागिले x ही किंमत ऋणच हवी, मूळ कधी ऋण नसतं. तिथं −√(4 + 3/x²) लिहायचं, उत्तर वजा २.

आणि एकदा हे पटलं की काही मुलं सगळीकडेच वजा लावत सुटतात. √(x⁴) ला ते लागत नाही, कारण बाहेर येणारा x² आधीच ऋण नसतो. √(x⁶) ला लागतं, कारण x³ ऋण आहे. घनमुळाला कधीच लागत नाही: वजा ८ चं घनमूळ वजा २ च.