पडलेला मायक्रोमीटर आणि लाल टॅग

मशीन शॉपमध्ये हातातून मायक्रोमीटर पडणं ही नेहमीची गोष्ट आहे. हाताला तेल लागलेलं असतं, कूलंट लागलेलं असतं, आणि ग्राइंडरच्या बेडवर तो ठेवायला धड जागाही नसते. पडला की ऑपरेटर तो उचलतो, फडक्याने पुसतो, थिंबल फिरवून बघतो आणि पुढचा जॉब मोजायला घेतो. थोडा जाणता असेल तर खोक्यातला सेटिंग रॉड लावून झीरो तपासतो. झीरो हललेला दिसला, तर छोट्या पान्याने तो जागेवर आणतो. डिजिटल असेल तर बटण दाबतो. आपण काळजीपूर्वक काम केलं, असं त्याला मनापासून वाटतं. पण झीरो परत लावला त्याच क्षणी एक माहिती कायमची पुसली जाते: हा मायक्रोमीटर आतापर्यंत नेमका किती चुकत होता?

बहुतेक कारखान्यांतल्या नोटिसा इथेच कमी पडतात. ‘खराब उपकरणे वापरू नयेत, आदेशावरून’ एवढीच ओळ भिंतीवर असते. त्यामुळे उपकरण फार तर बाजूला पडतं, पण त्याने सकाळपासून मोजलेल्या मालाचं काय, हा प्रश्न कुणी विचारत नाही. आयएसओ 9001 या मानकाच्या 2015 च्या आवृत्तीत 7.1.5.2 हे कलम याच प्रश्नावर बोट ठेवतं. उपकरण कामासाठी योग्य नाही असं आढळलं, तर त्याने आधी घेतलेल्या मोजमापांना धक्का लागला का, हे तपासून योग्य ती कारवाई करायची. म्हणजे लाल टॅग उपकरणाला लावायचा असला, तरी त्याचा खरा रोख आधीच मोजून ठेवलेल्या मालावर आहे.

हे लक्षात ठेवून लिहिलेली नोटीस अशी असावी:

सूचना: खराब व मुदत संपलेली मोजमापाची उपकरणं

मायक्रोमीटर, व्हर्निअर, डायल, प्लग गेज, रिंग गेज यांपैकी काहीही पडलं, आपटलं, अडकत फिरू लागलं, त्यावरचा नंबर वाचता येईना किंवा स्टिकरवरची तारीख उलटली, तर ते लगेच वापरायचं थांबवा.

झीरो सेट करू नका. उघडू नका. तेल घालू नका. आहे तसं त्याच्या खोक्यात ठेवा.

लाल टॅग भरून दोऱ्याने बांधा. टॅगवर लिहा: उपकरणाचा नंबर, तारीख आणि वेळ, काय झालं, शेवटी कोणता जॉब मोजला, तुमचं नाव.

खोकं क्वालिटीच्या लाल पेटीत ठेवा, सुपरवायझरला सांगा आणि दुसरं उपकरण घ्या.

या उपकरणाने आजच्या पाळीत मोजलेले जॉब पुढे पाठवू नका. ट्रेवर ‘थांबवा’ कार्ड लावा.

लाल टॅग फक्त क्वालिटी विभाग काढेल.

उपकरण पडल्याचं स्वतःहून सांगणाऱ्याकडून दंड किंवा भरपाई घेतली जाणार नाही.

यातली शेवटची ओळ मालकांना सर्वांत जास्त खटकते, आणि माझ्या मते तीच सर्वांत गरजेची आहे. चांगला डिजिटल मायक्रोमीटर काही हजार रुपयांचा असतो. तेवढी रक्कम पगारातून कापली जाईल अशी भीती असेल, तर पडलेला मायक्रोमीटर निमूटपणे ड्रॉवरमध्ये जाईल आणि दुसऱ्या पाळीतला माणूस तो बिनधास्त वापरेल. नोटीस मराठीबरोबर हिंदीतही लावायला हवी. पुण्या-नाशिकच्या औद्योगिक वसाहतींत रात्रपाळीला असलेले कितीतरी कामगार उत्तर प्रदेश-बिहारमधले आहेत, आणि रात्री विचारायला क्वालिटीचा माणूस जागेवर असेलच असं नाही.

पेटीला कुलूप हवं आणि वरून खोकं सरकवता येईल अशी फट हवी. देवळातल्या दानपेटीसारखी: आत टाकणं कुणालाही जमावं, बाहेर काढणं मात्र किल्लीवाल्यालाच. आत फोम अंथरलेला असावा, नाहीतर पडलेलं उपकरण पेटीत पुन्हा आपटायचं. नुसत्या उघड्या शेल्फवर ‘वापरू नका’ अशी पाटी लावून भागत नाही. महिनाअखेरीला माल निघायचा असतो, हाताशी मायक्रोमीटर कमी पडतो, आणि शेल्फवरचा मायक्रोमीटर ‘एवढ्यापुरता’ म्हणून परत मशीनवर जातो.

आता एक उदाहरण आकड्यांसह पाहू. समजा, भोसरीतल्या एका छोट्या शॉपमध्ये 30 मिलिमीटर व्यासाचे शाफ्ट ग्राइंड होत आहेत. ड्रॉइंगवर लिहिलंय 30 एच 6. याचा अर्थ व्यास जास्तीत जास्त 30.000 आणि कमीत कमी 29.987 मिलिमीटर. मुभा फक्त 13 मायक्रॉनची. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मोजायला 25 ते 50 मिलिमीटरचा डिजिटल मायक्रोमीटर आहे. सकाळी 7 वाजता पाळी सुरू होताना ऑपरेटरने 25 चा सेटिंग रॉड मोजला, तेव्हा आकडा 25.000 आला आणि तो त्याने तक्त्यात लिहिला. दुपारी 12 वाजता पुन्हा तोच रॉड मोजला, तर 25.006 आला. मधे केव्हातरी मायक्रोमीटर पडला होता, पण नक्की केव्हा ते कुणी सांगत नाही. तेवढ्या वेळात 150 शाफ्ट मोजून झालेत.

ऑपरेटर झीरो न लावता टॅग बांधतो. पहिला दुवा हातात आला: मायक्रोमीटर खऱ्यापेक्षा 6 मायक्रॉन जास्त दाखवतोय. म्हणजे 29.994 दिसलेला शाफ्ट प्रत्यक्षात 29.988 चा असेल, जेमतेम पास. पण 29.990 दिसलेला 29.984 चा निघेल. तो बारीक आहे, बेअरिंगमध्ये सैल बसेल, आणि ग्राइंड होऊन गेलेलं लोखंड परत चढवता येत नाही. चूक उलट बाजूची असती, मायक्रोमीटर कमी दाखवत असता, तर शाफ्ट जाड राहिले असते आणि पुन्हा ग्राइंड करून वाचवता आले असते. चूक कोणत्या दिशेची आहे, यावर माल वाचणार की भंगारात जाणार, हे ठरतं. झीरो घाईने लावला तर नेमकी हीच माहिती जाते.

नुसते 6 मायक्रॉन वजा करून निकाल लावणं मात्र चुकीचं. चौकट वाकली असेल किंवा मोजणारी दोन तोंडं एकमेकांना समांतर राहिली नसतील, तर 25 ला असलेली चूक 30 ला वेगळी असू शकते. म्हणून शाफ्ट दुसऱ्या, कॅलिब्रेशन चालू असलेल्या मायक्रोमीटरने पुन्हा मोजायचे. शाफ्ट, सेटिंग रॉड आणि मायक्रोमीटर आधी काही वेळ एकाच टेबलावर राहू द्यायचे. ग्राइंडरवरून नुकताच उतरलेला शाफ्ट 10 अंशांनी गरम असेल, तर 30 मिलिमीटरला साधारण साडेतीन मायक्रॉनचा फरक नुसत्या उष्णतेने पडतो.

मोजायला सुरुवात शेवटच्या शाफ्टपासून करायची आणि मागे मागे जायचं. आपल्या उदाहरणात शेवटच्या शाफ्टचा तक्त्यातला आकडा 29.991 होता, आता तो 29.985 आला. असंच मागे जाताना नव्वदाव्या शाफ्टपाशी जुना आणि नवा आकडा जुळायला लागतो. आणखी वीसेक शाफ्ट जुळले आणि सकाळचेही काही मधूनमधून घेऊन पाहिले, तर चित्र स्पष्ट होतं. तासाला 30 शाफ्ट या वेगाने नव्वदावा शाफ्ट 10 वाजता झाला होता. मायक्रोमीटर चहाच्या सुट्टीच्या आसपास पडला असावा. संशयित माल 150 वरून 60 वर आला. त्या 60 चा एकेक शाफ्ट मोजून चांगले सोडायचे आणि बारीक निघालेले लाल ट्रेमध्ये टाकायचे.

हे एवढं आटोपशीर झालं ते सकाळी 7 च्या त्या एका नोंदीमुळे. ती नसती, तर शेवटचा भरवशाचा आकडा म्हणजे मागचं कॅलिब्रेशन, कदाचित सहा महिन्यांपूर्वीचं. मग तोवरचा सगळा माल संशयात, आणि त्यातला बराचसा ग्राहकाकडे पोचलेला. वाहन उद्योगाला माल देणाऱ्यांना लागू असलेल्या आयएटीएफ 16949 मानकानुसार असा संशयित माल बाहेर गेला असेल, तर ग्राहकाला कळवावं लागतं.

मुदत संपलेल्या उपकरणाचा प्रश्न थोडा वेगळा आहे. तारीख उलटली म्हणून काल बरोबर असलेला व्हर्निअर आज चुकीचा होत नाही. त्याला लाल टॅग लागतो, कारण तो बरोबर आहे हे सांगणारा पुरावा आता जुना झाला. कॅलिब्रेशनमध्ये दुरुस्तीआधीचाच आकडा मर्यादेत आला, तर मागचा माल उकरून काढण्याची गरज नाही; तशी नोंद करून विषय संपवता येतो. स्टिकरवर पेनने नवी तारीख लिहायची पद्धत मात्र बंद व्हायला हवी. आणि मुदत संपलेलं उपकरण ऑपरेटरच्या हातात सापडलं, तर जाब क्वालिटी विभागाला विचारावा. पुढच्या महिन्यात कोणाची तारीख येते याची यादी काढून ती उपकरणं आधीच गोळा करणं हे त्यांचं काम आहे. जुन्या कामगारांच्या पेटीत स्वतःचे व्हर्निअर असतात, ते तर रजिस्टरमध्येच नसतात. तेही एकदा मागवून घ्यावेत: एकतर नंबर द्यावा, नाहीतर घरी न्यायला सांगावं.

लाल पेटीतलं उपकरण एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत पाठवताना चलनावर स्पष्ट लिहावं: दुरुस्तीआधीची आणि नंतरची, दोन्ही मोजमापं द्या. हे लिहिलं नाही, तर उपकरण साफ करून, झीरो लावून, सगळे आकडे चोख असलेलं प्रमाणपत्र हातात पडण्याची शक्यता असते. चांगली प्रयोगशाळा मायक्रोमीटर एका टोकाला तपासून थांबत नाही. ती 2.5, 5.1, 7.7, 10.3 अशा वेगवेगळ्या मापांचे स्लिप गेज लावते. हे आकडे विचित्र वाटतात, पण ते मुद्दाम निवडलेले असतात. त्यामुळे थिंबल दर वेळी वेगळ्या कोनात थांबतं आणि स्क्रूच्या एका फेऱ्यातली चूकही पकडली जाते.

प्रमाणपत्र आल्यावर तीनच निर्णय उरतात. उपकरण मर्यादेत असेल तर नवा स्टिकर लावून परत द्यायचं. अर्धं कामाचं असेल, उदाहरणार्थ व्हर्निअरचे आतला व्यास मोजायचे जबडे तुटलेत पण बाहेरचे ठीक आहेत, तर ‘फक्त बाहेरच्या मापासाठी’ असं पिवळं लेबल लावायचं. बाकी सगळं भंगारात. पण भंगारात टाकण्याआधी करवतीने कापायचं आणि रजिस्टरमधला नंबर बंद करायचा. अखंड टाकलेला मायक्रोमीटर कुणीतरी उचलतोच.

नोटीस लावायच्या आधी मालकांनी एक खर्च करायलाच हवा. ज्या मापाचा मायक्रोमीटर रोज लागतो, त्याचा एक जादा, कॅलिब्रेशन केलेला मायक्रोमीटर टूल रूममध्ये दोन्ही पाळ्यांना मिळेल असा ठेवावा. ‘दुसरं उपकरण घ्या’ असं लिहिलंय आणि दुसरं उपकरणच नाही, अशा शॉपमध्ये ऑपरेटर मशीन बंद ठेवून बसणार नाही. तो झीरो लावेल आणि काम सुरू ठेवेल.