वारसनोंदीत कुणाचं नाव राहिलं?

घरातला कर्ता माणूस गेला की शेताचं काय, हा प्रश्न दहाव्या-तेराव्यालाच निघतो. आमच्या बचत गटातल्या एका ताईंचं काय झालं ते सांगतो.

ताईंच्या मालकांनी स्वतः घेतलेली चार एकर जमीन, म्हणजे 1 हेक्टर 60 आर, त्यांच्या एकट्याच्या नावावर होती. ते गेले. मागे ताई, सासूबाई, दोन लग्न झालेल्या मुली आणि सोळा वर्षांचा मुलगा. कुणीतरी म्हणालं, आधी कोर्टातून वारस दाखला आणा. तसं नसतं. वारसांबद्दल वाद नसेल तर सातबाऱ्यासाठी कोर्टाच्या दाखल्याची गरज पडत नाही. वाद असेल तरच दिवाणी कोर्टात जावं लागतं.

मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याकडे अर्ज द्यायचा. उशीर झाला तरी नोंद होते. सोबत मृत्यू दाखला, सातबारा, आठ-अ, रेशनकार्ड, आधार आणि सगळ्या वारसांची नावं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र लागतं.

घोळ इथेच झाला. धावपळ दिरांनी केली आणि प्रतिज्ञापत्रात फक्त मुलाचं नाव लिहिलं. "पोरी आपापल्या घरी गेल्या, वहिनी तर घरातच आहेत," असं त्यांचं म्हणणं. पण हिंदू वारसा कायद्यानं बायको, आई, मुलगा आणि मुली सारख्याच वारस असतात. लग्नानं मुलीचा हक्क जात नाही. या जमिनीत पाच वारस, म्हणून प्रत्येकाचे 32 आर. मुलीला हिस्सा नको असेल तर तिनं स्वतः नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यायचं असतं. नाव गाळणं म्हणजे हक्क सोडणं नव्हे.

तलाठी वारसांची नावं आधी वारस रजिस्टरला लिहितात. मग फेरफार धरतात आणि नोटीस काढतात. नोटिशीनंतर हरकतीला पंधरा दिवस असतात. ताईंनी चावडीवरची नोटीस आमच्याकडून वाचून घेतली आणि बाराव्या दिवशी लेखी हरकत देऊन पोच घेतली. मंडळ अधिकाऱ्यांनी सगळ्यांना बोलावून ऐकलं. दिरांनीही चूक मान्य केली आणि पाचही नावं लागली. मुलगा अज्ञान, म्हणून त्याच्या नावापुढे 'अ.पा.क. आई' असं आलं.

पंधरा दिवस हुकले असते तर? फेरफार मंजूर झाल्यावर साठ दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. पण मग खेटे वाढतात.

म्हणून मैत्रिणींनो, प्रतिज्ञापत्रावर अंगठा किंवा सही करण्याआधी त्यातली नावं मोठ्यानं वाचून घ्या. मंजुरीनंतर नवा सातबारा काढून पुन्हा एकदा मोजा, घरात वारस किती आणि कागदावर किती.