मलपृष्ठावरच्या किमतीचा हिशेब

पुस्तकाच्या मलपृष्ठावर खाली कोपऱ्यात छापली जाणारी किंमत बहुतेक लेखक अगदी शेवटी ठरवतात. मजकूर लागला, मुखपृष्ठ पसंत झालं, की छापखान्यातून विचारणा होते, ‘किंमत किती टाकायची?’ मग तेवढ्याच जाडीचं एखादं पुस्तक डोळ्यांसमोर आणून आकडा सांगितला जातो. मोठ्या प्रकाशनसंस्थेकडून पुस्तक येणार असेल तर ही काळजी तिची असते. स्वतःचे पैसे घालून पुस्तक काढणाऱ्याला मात्र हा आकडा पुढची दोन-तीन वर्षं पुरतो किंवा नडतो. छापील किंमत एकच असते. पुस्तक विकलं जाण्याच्या वाटा तीन-चार असतात, आणि प्रत्येक वाटेवर त्या किमतीतला वेगवेगळा हिस्सा कापला जातो.

हिशेबापुरतं एक पुस्तक धरू. डेमी आकार, १६० पानं, आतली छपाई एका रंगात, पेपरबॅक. आवृत्ती ५०० प्रतींची. कागद, छपाई आणि बांधणी मिळून छापखान्याने प्रतीला ७० रुपये सांगितले, म्हणजे ३५ हजार रुपये. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन आणि मुखपृष्ठ यांचे ३० हजार वेगळे. प्रत्यक्ष दर गावोगाव आणि कागदागणिक बदलतात. दर विचारताना तो करासहित विचारावा, कारण छापील पुस्तकाच्या विक्रीवर जीएसटी नाही आणि त्यामुळे छपाईच्या बिलात भरलेला कर लेखकाला कुठूनही वळता करून घेता येत नाही. तो प्रतीच्या खर्चातच धरावा लागतो.

इथे पहिली चूक होते ती ५०० ने भागण्याची. छापलेल्या सगळ्याच प्रती विकायला उरत नाहीत. परीक्षणासाठी वर्तमानपत्रांना आणि मासिकांना जातात, प्रस्तावना लिहिणाऱ्यांना जातात, स्पर्धांना आणि पुरस्कारांना पाठवताना एकेका ठिकाणी दोन-तीन द्याव्या लागतात, प्रकाशन समारंभात पाहुण्यांच्या हाती जातात, काही बांधणीत खराब निघतात. अशा ६० प्रती गेल्या असं धरलं तर विकायला ४४० उरतात. मग छपाईचा खर्च प्रतीला ७० नव्हे, जवळजवळ ८० रुपये पडतो.

आता विक्रीच्या वाटा. लेखकाने स्वतः कार्यक्रमात किंवा ओळखीतून पुस्तक विकलं तर वाचक बहुधा वीस टक्के सवलतीची अपेक्षा ठेवतो. दुकानदाराला याहून बरीच जास्त सवलत द्यावी लागते. आणि अनेक गावांतल्या दुकानांपर्यंत पोचवणारा वितरक छापील किमतीच्या निम्म्यापर्यंत मागतो, कारण त्यातूनच त्याला दुकानदाराचं कमिशन आणि वाहतूक भागवायची असते. ही मागणी लेखकाला जाचक वाटते, पण दुकानाचं भाडं आणि महिनोन्‌महिने पडून राहणारा माल पाहिला तर ती अवाजवी म्हणता येत नाही.

किंमत ठरवायची ती या सगळ्यांत महाग पडणाऱ्या वाटेवरून, मागे हिशेब करत. स्वस्त ठेवलं तर जास्त खपेल म्हणून कुणी या पुस्तकावर १५० रुपये टाकले, तर वितरकाकडून हाती येणार ७५. प्रत पडली ८० ला. म्हणजे प्रत्येक विक्रीत पाच रुपये खिशातून जाणार, आणि पुस्तक जितकं जास्त खपेल तितकं नुकसान वाढणार. लेखकाला हे लगेच कळतही नाही, कारण पैसे तर येत असतात! ते कळतं दुसरी आवृत्ती काढायला पैसे मोजायची वेळ आली की. निम्म्या सवलतीवर ही प्रत १६० रुपयांना कशीबशी बरोबरीत सुटते, म्हणजे १६० ही फक्त जमीन झाली.

त्या जमिनीच्या वर किती जायचं, हे ३० हजारांवरून ठरतं. हा खर्च प्रतीगणिक वाढत नाही. तो एकदाच होतो आणि सगळ्या विक्रीतून मिळून निघावा लागतो. २४० रुपये किंमत ठेवून पाहू. वितरकाकडून १२० येतात, प्रतीचे ८० वजा जाता ४० उरतात. स्वतः वीस टक्के सवलतीने विकलेल्या प्रतीमागे १९२ मधून ११२ उरतात. वितरकाकडून २५० आणि स्वतः १९० प्रती विकल्या, तर १० हजार आणि २१ हजार २८० मिळून ३१ हजार २८० होतात. ३० हजार वजा केले की एक अन् एक प्रत संपल्यावर लेखकाच्या हाती उरतात १,२८० रुपये.

तेच पुस्तक २८० ला. वितरकाच्या वाटेने प्रतीमागे ६० उरतात, स्वतःच्या विक्रीत १४४. तेवढ्याच प्रतींचे ४२ हजार ३६० होतात आणि खर्च वजा जाता १२ हजार ३६० राहतात. वाचकाने मोजले ४० रुपये जास्त, लेखकाची कमाई झाली साडेनऊ पटींहून अधिक. किंमत वाढल्याने काही प्रती कमी खपतील हे खरं, पण किती कमी खपल्या तरी चालतील, हेही याच आकड्यांतून काढता येतं. वितरकाकडच्या २५० पैकी ५० आणि स्वतःकडच्या १९० पैकी ४० प्रती घरात पडून राहिल्या, तर त्यांचा छपाईखर्च धरून साडेतीन हजारांच्या आसपास तोटा येतो. २४० रुपयांना तेवढ्याच प्रती पडून राहिल्या तर तोटा १२ हजारांच्या पुढे जातो. म्हणून पहिल्या आवृत्तीत हजार प्रती छापून प्रतीचा दर खाली आणण्याचा मोह टाळलेला बरा. दर खाली येतो तो कागदावर. न खपलेल्या प्रती माळ्यावर जातात.

पानं कमी करूनही खर्च खाली आणता येतो. छपाई १६ पानांच्या फॉर्मवर चालते. १६० पानं म्हणजे नेमके दहा फॉर्म. मजकूर १६४ पानांवर गेला तर चार पानांसाठी आणखी कागद आणि छपाई लागते. अक्षराचा आकार न बिघडवता, प्रकरणांच्या सुरुवातीची रिकामी जागा आवळून तो दहा फॉर्ममध्ये बसवणं हे अक्षरजुळणी करणाऱ्याला सहज जमतं, फक्त त्याला आधी सांगायला हवं.

स्वतःच्या विक्रीत टपाल धरायला विसरू नये. टपाल खात्याची ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा १ मे २०२५ पासून सुरू आहे. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकांसाठी तिचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. पाकीट धरून प्रतीला तीसेक रुपये गेले, तरी ‘घरपोच, टपालखर्च माफ’ म्हणणाऱ्या लेखकाला २८० च्या किमतीत शंभरावर रुपये सुटतात.

मानधनाचे टक्के ठरवताना दुसराच खड्डा असतो. लेखक छोट्या प्रकाशकाशी करार करतो, त्यात ‘दहा टक्के’ लिहिलेलं असतं. कशाचे दहा टक्के? छापील किमतीचे असतील तर २८० च्या पुस्तकावर २८ रुपये. ‘निव्वळ वसुली’चे असतील तर वितरकाच्या वाटेने विकलेल्या प्रतीवर फक्त १४. लेखकाकडून छपाईचे पैसे घेऊन ‘शंभर टक्के मानधन’ देऊ करणाऱ्या जाहिरातीतही शंभर टक्के असतात ते विक्रेत्याची सवलत, छपाई आणि हाताळणी वजा जाऊन उरलेल्या रकमेचे. लेखक स्वतःच प्रकाशक असला आणि चित्रकाराला किंवा अनुवादकाला टक्क्यांत देणार असला, तर हाच प्रश्न उलट्या बाजूने येतो. अनुवादकाला छापील किमतीवर दहा टक्के कबूल केले, तर वितरकाकडच्या विक्रीत सुटणाऱ्या ६० रुपयांतले २८ त्याचे. हाती आलेल्या रकमेवर दहा टक्के ठरले, तर दोघांची कमाई वाटेप्रमाणे कमी-जास्त होते आणि कुणावर एकट्यावर भार पडत नाही.

मागणी येईल तशी एकेक प्रत छापणाऱ्या व्यवस्थेत हे गणित जास्त उघडं दिसतं. ॲमेझॉनच्या केडीपीवर इंग्रजी पुस्तक काढणारे मराठी लेखक इथेही आहेत आणि अमेरिकेतही. नेहमीच्या आकाराच्या, काळ्या शाईत छापलेल्या, ११० ते ८२८ पानांच्या पेपरबॅकला अमेरिकेत छपाईचा खर्च १ डॉलर अधिक पानामागे १.२ सेंट असा धरला जातो. २२० पानांना तो ३.६४ डॉलर होतो. छापील किमतीचे ठरावीक टक्के काढायचे आणि त्यातून हा खर्च वजा करायचा. राहील ते लेखकाचं.

पूर्वी हे टक्के सरसकट ६० होते. जून २०२५ पासून ९.९९ डॉलरखालच्या पुस्तकांसाठी ते ५० झाले. परिणाम असा की पुस्तक ७.९९ ला ठेवलं तर ५० टक्क्यांचे जवळपास ४ डॉलर होतात आणि लेखकाला मिळतात सुमारे ३६ सेंट. ९.९८ ला ठेवलं तर १.३५ डॉलर. आणि ९.९९ ला ठेवलं तर २.३५! एका सेंटने लेखकाचा एक पूर्ण डॉलर जातो, म्हणून जुन्या किमती तशाच ठेवलेल्यांनी त्या एकदा तपासून घ्याव्यात.

इथलाही महाग रस्ता वेगळा आहे. बाहेरची दुकानं आणि ग्रंथालयांपर्यंत पोचवणारं ‘एक्सपांडेड डिस्ट्रिब्यूशन’ निवडलं तर टक्के ४० वर येतात. ३.६४ ला ०.४० ने भागलं की ९.१० येतात, त्याखाली ती वाट बंद. ९.९९ ला त्या वाटेने ३६ सेंट सुटतात, १०.९९ ला सुमारे ७६ सेंट, आणि ॲमेझॉनवरच्या थेट विक्रीत २.९५ डॉलर. भारतात राहणाऱ्या लेखकाने कराची माहिती भरताना पॅन क्रमांक देऊन दोन देशांमधल्या कराराचा लाभ मागितला, तर अमेरिकेत मानधनावर ३० ऐवजी १५ टक्के कर कापला जातो.

या व्यवस्थेच्या पेपरबॅकसाठीच्या बाजारांत भारत नाही. त्यामुळे इथल्या वाचकासाठी वेगळी छपाई करावी लागते आणि रुपयांतली किंमत वर सांगितलेल्या रीतीने नव्याने काढावी लागते. डॉलरच्या किमतीला विनिमय दराने गुणून ती येत नाही. केडीपीवरची किंमत पुढे कधीही बदलता येते, छापून झालेल्या ५०० प्रतींवरची नाही. म्हणून मुखपृष्ठाची अंतिम फाइल छापखान्याकडे जाण्याआधी वितरकाकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: सवलत किती टक्के, विकलेल्या प्रतींचे पैसे किती महिन्यांनी, आणि न खपलेला माल परत आला तर त्याचा वाहतूकखर्च कुणाचा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘लेखकाचा’ असं आलं, तर तोही खर्च प्रतीच्या ८० रुपयांत मिळवून किंमत पुन्हा एकदा काढावी.