गुरुदेवांची टीका, गांधीजींचं उत्तर

१९२५च्या सप्टेंबरमध्ये ‘मॉडर्न रिव्ह्यू’ या मासिकात रवींद्रनाथ टागोरांनी गांधीजींच्या चरख्यावर लेख लिहिला. सगळ्यांनी एकच काम यांत्रिकपणे करत राहिलं की माणसं एका साच्याची होतात, मन झिजतं, आणि अशा कामातून स्वराज्य येत नाही, असा त्याचा रोख होता. टीका जवळच्या मित्राची होती, जाहीर होती आणि गांधीजींना जे सगळ्यात प्रिय, नेमकं त्यावरच होती. ५ नोव्हेंबरच्या ‘यंग इंडिया’त गांधीजींनी तिला उत्तर दिलं. मित्राचे कठोर शब्द झेलायचे कसे, हे शिकायला मला त्या उत्तराइतकं उपयोगी दुसरं काही सापडलेलं नाही.

पहिली गोष्ट म्हणजे ते उशिरा आलं. उत्तर द्या म्हणून मित्र मागे लागले होते, पण गांधीजींनी घाई केली नाही. कामांचा व्याप होताच, शिवाय लेख वाचून लोक इतके तापलेले होते की तेव्हा लिहिलेलं कुणाला नीट कळलं नसतं, असं त्यांनीच सांगितलं आहे. आपण थांबतो तो आपला राग शांत व्हावा म्हणून. ऐकणाऱ्यांच्या रागाचाही त्यांनी विचार केला.

दुसरं, सुरुवात त्यांनी बचावाने केली नाही. टागोर चरख्याचं आर्थिक महत्त्व नाकारत नाहीत, हे त्यांनी आधीच वाचकांच्या लक्षात आणून दिलं. चरख्याविरुद्ध लिहून झाल्यावरही देशबंधूंच्या स्मारकनिधीच्या आवाहनावर टागोरांनी सही केली होती आणि ‘चरख्यावर असं काही लिहिलंय, ते तुम्हाला फारसं आवडणार नाही’ असं आधी कळवलंही होतं, हेही सांगितलं. त्याच वेळी टागोर मत्सरापोटी लिहितात अशी कुजबुज चालू होती. ती गांधीजींनी ठामपणे झिडकारली. हे मला फार मोलाचं वाटतं. मित्राने आपल्याला बोल लावले की आपली बाजू घेणारे आधी त्याच्या हेतूवर बोट ठेवतात, ‘जळतो तो तुझ्यावर’ म्हणतात. ते ऐकायला बरं वाटतं, आणि त्यावर विश्वास बसला की टीकेतलं खरं काय ते तपासायचं राहूनच जातं.

मग गैरसमज. कवीने गाणं सोडावं, शेतकऱ्याने नांगर, वकिलाने खटले सोडावेत, असं आपण म्हटलेलंच नाही. त्यांनी रोज अर्धा तास यज्ञ म्हणून सूत कातावं, एवढंच मागणं आहे. पोटासाठी कातायला सांगितलं ते ज्यांना दुसरं कामच नाही अशा उपाशी माणसांना. ‘तुम्ही मला चुकीचं समजलात’ एवढं म्हणून ते थांबले नाहीत. काय म्हटलं होतं, कुणाला आणि किती, ते मांडलं.

आणि एकाच गोष्टीने दुखावलो, असं त्यांनी उघड लिहिलं. राममोहन रॉय यांना आपण खुजे मानतो, असं टागोरांच्या कानावर गेलं होतं. गांधीजींनी तो शब्द तोंडातून गेल्याचं लपवलं नाही. तो कटकला, उपनिषदांच्या अज्ञात कर्त्यांशी तुलना करताना आला होता, हा संदर्भ दिला आणि राममोहन आपल्यालाही तितकेच थोर वाटतात, हे स्पष्ट केलं. वेदना सांगितली, ती एकदाच, नेमक्या जागी; सगळ्या लेखावर तिची सावली पडू दिली नाही.

घरगुती प्रसंगात हे असं दिसेल. मैत्रीण म्हणते, “तुला फक्त काम असलं की माझी आठवण येते.” ‘तू तरी कधी फोन करतेस?’ हे ओठांवर येतं. तो उलटा वार झाला. ‘अगं, मी किती धावपळीत असते’ ही सफाई झाली. त्याऐवजी: “मागचे दोन्ही फोन मी कामासाठीच केले, हे खरं आहे. फक्त कामापुरती आठवण येते, हे मात्र खरं नाही, आणि ते ऐकून वाईट वाटलं. तुला हे कधीपासून जाणवतंय?” खरं ते मान्य, खोटं ते नाकारलेलं, दुखलं ते एका वाक्यात, आणि शेवटी असा प्रश्न ज्याचं उत्तर खरंच ऐकायचं आहे. त्या प्रश्नानंतर गप्प बसता आलं नाही, तर वरची तीन वाक्यंही सफाईच ठरतात.

मत बदलायलाच हवं असं नाही. गांधीजींनी चरखा सोडला नाही, टागोरांनीही मत सोडलं नाही. १९३४मध्ये बिहारचा भूकंप ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे असं गांधीजी म्हणाले, तेव्हा टागोरांनी तीव्र निषेध केला. गांधीजींनी तो स्वतःच्या ‘हरिजन’मध्ये छापला आणि आपलं म्हणणं कायम ठेवलं. त्या वादात टागोरांचंच बरोबर होतं, असं मला वाटतं. मैत्री मात्र तुटली नाही: १९३६मध्ये विश्वभारतीसाठी पैसे उभे करायला वृद्ध टागोर नाट्यप्रयोग घेऊन दौऱ्यावर निघाले होते, तेव्हा साठ हजार रुपयांची सोय गांधीजींनीच करून दिली.