कार्यालयीन पँट्रीतील कॉफी यंत्राची निवड

मध्यम आकाराच्या, म्हणजे साधारण पन्नास ते शंभर कर्मचाऱ्यांच्या कार्यालयात कॉफीसाठी प्रामुख्याने बीन-टू-कप यंत्र, अर्न आणि कॅप्सूल यंत्र हे तीन पर्याय असतात. दिवसाला किती कप लागतात यावरून निवड करण्याची पद्धत रूढ आहे. परंतु ते कप दिवसभर विखुरलेले आहेत की ठरावीक वेळी एकदम लागतात, ही बाब अधिक निर्णायक ठरते.

प्रकार

बीन-टू-कप यंत्र भाजलेल्या बिया प्रत्येक कपासाठी स्वतंत्रपणे दळते आणि त्या पुडीतून दाबाखाली गरम पाणी सोडते. एका कपाला सुमारे ७ ते १० ग्रॅम बिया लागतात. चव ताजी मिळते, मात्र एका वेळी बहुधा एकच कप तयार होतो. दुधाची कॉफी करताना दळणे, गाळणे आणि दूध फेसाळणे मिळून सुमारे एक मिनिट जाते. चिकोरीमिश्रित तयार पूड बियांच्या डब्यात चालत नाही. त्यामुळे फिल्टर कॉफीची सवय असलेल्यांना चवीतील फरक जाणवतो.

अर्न म्हणजे तोटी असलेले, विजेवर तापणारे स्टीलचे पिंप. काही अर्नमध्ये गरम पाणी नळीतून वर चढून जाळीतील जाडसर पुडीवर पडते, तर काहींमध्ये केवळ पाणी तापते. तोटी उघडताच कप भरतो. मात्र तयार कॉफी तासभर तापत राहिल्यास कडवट होते, तसेच पिंपाच्या तळाशी थेट तापक असल्यास दूध करपते. म्हणून दूध वेगळ्या भांड्यात ठेवले जाते.

कॅप्सूल यंत्रात ५ ते ६ ग्रॅम पूड असलेली हवाबंद कुपी वापरतात. साफसफाई अत्यल्प असते, परंतु प्रत्येक कपामागे एक रिकामी कुपी उरते. याच कारणास्तव जर्मनीतील हॅम्बुर्ग शहराने २०१६ मध्ये सरकारी पैशातून कॉफी कॅप्सूल खरेदी करण्यास मनाई केली.

उदाहरण

साठ जणांच्या एका कार्यालयात ४५ जण दिवसातून दोनदा कॉफी घेतात, असे मानू. एकूण ९० कप होतात. हे कप नऊ तासांत विखुरलेले असतील, तर तासाला सरासरी दहा कप लागतील आणि एक बीन-टू-कप यंत्र पुरेसे होईल.

याच कार्यालयात सकाळी ११ आणि दुपारी ४ वाजता पंधरा मिनिटांची सुटी असेल, तर चित्र बदलते. कपाला एक मिनिट धरल्यास यंत्र सुटीत पंधरा कप देते. उरलेले तीस जण रांगेतच राहतात. अर्नचा हिशेब वेगळा आहे. १२० मिलिलिटरचे ४५ कप म्हणजे ५.४ लिटर. इतके पाणी २५ अंशांवरून ९५ अंश सेल्सियसपर्यंत तापवण्यास २ किलोवॅटच्या तापकाला किमान तेरा मिनिटे लागतात. उष्णतेचा अपव्यय आणि कॉफी उतरण्याचा वेळ धरून सुटीच्या पाऊण तास आधी अर्न सुरू केल्यास सर्वांना वेळेत कॉफी मिळते.

महिन्याला २२ दिवस धरल्यास १,९८० कप होतात. कपाला ८ ग्रॅमप्रमाणे सुमारे १६ किलो बिया लागतात. बियांचा दर किलोला १,००० रुपये मानल्यास हा खर्च सुमारे १६,००० रुपये येतो. एका कॅप्सूलची किंमत ४० रुपये मानल्यास तेवढ्याच कपांना ७९,२०० रुपये लागतात. यंत्राची किंमत आणि देखभाल यांत धरलेली नाही. तरीही रोजच्या मोठ्या वापरासाठी कॅप्सूल महाग का पडतात, हे यावरून दिसते.

देखभाल आणि मर्यादा

बीन-टू-कप यंत्राच्या दुधाच्या नळ्या रोज धुवाव्या लागतात. आंबट वास हे हयगयीचे पहिले लक्षण होय. चोथ्याचा डबा भरला की यंत्र थांबते, आणि असे बहुधा गर्दीच्या वेळीच घडते. कूपनलिकेच्या जड पाण्यामुळे आत क्षार साचतात. कॉफीची धार बारीक होणे आणि कप भरण्यास अधिक वेळ लागणे ही त्याची चिन्हे आहेत. किटलीत पांढरा थर बसत असेल, तर यंत्र घेण्यापूर्वीच पाणी मृदू करण्याची सोय करावी लागते. अर्नला असे नाजूक भाग नसतात, परंतु तो वेळेवर लावणारी आणि रोज धुणारी व्यक्ती आवश्यक असते. अशी व्यक्ती नसल्यास त्याचा स्वस्तपणा निरुपयोगी ठरतो.

ठरावीक सुट्या असलेल्या कार्यालयात मुख्य वापरासाठी अर्न, तर सोयीप्रमाणे येजा असलेल्या कार्यालयात बीन-टू-कप यंत्र अधिक योग्य ठरते. कॅप्सूल यंत्राची उपयुक्तता बैठकीच्या खोलीसारख्या, दिवसाला मोजकेच कप लागणाऱ्या ठिकाणी अधिक असते. निवडीपूर्वी आठवडाभर दर पंधरा मिनिटांना किती कप लागतात याची नोंद ठेवल्यास कार्यालय कोणत्या प्रकारात मोडते, हे स्पष्ट होते.